पनेटची चौकट एकच, गुणोत्तरं दोन : १:२:१ आणि ३:१ यांत नेमका फरक काय?

परीक्षेत पनेटची चौकट काढायला सांगतात आणि तिच्याखाली दोन ओळी लिहायच्या असतात. एक जिनोटाइपचं गुणोत्तर, म्हणजे जनुकांच्या जोड्या कोणत्या प्रमाणात बनतात. दुसरं फिनोटाइपचं, म्हणजे प्रत्यक्ष लक्षणं कोणत्या प्रमाणात आढळतात. विद्यार्थी १:२:१ आणि ३:१ लिहून मोकळे होतात. एकाच हिशेबाची ही दोन रूपं आहेत असाच बहुतेकांचा समज असतो. प्रत्यक्षात पहिलं गुणोत्तर चौकटीतून निघतं. दुसरं निघतं चौकटीकडे आपण कोणता प्रश्न घेऊन जातो त्यातून. हा फरक वाटाण्यापेक्षा सिकलसेलच्या उदाहरणात जास्त स्पष्ट दिसतो. विदर्भात, नंदुरबारमध्ये आणि मेळघाटात तर तो रोजच्या जगण्यातला प्रश्न आहे.

रक्तातल्या हिमोग्लोबिनची बीटा साखळी बनवणारं जनुक प्रत्येकाकडे दोन प्रतींत असतं, एक आईकडून आलेलं आणि एक वडिलांकडून. नेहमीच्या प्रतीला A म्हणू. दुसऱ्या रूपात साखळीच्या सहाव्या जागेवर ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन येतं. ते रूप S. दोन्ही A असतील तर AA, एकेक असेल तर AS म्हणजे वाहक, आणि दोन्ही S असतील तर SS म्हणजे सिकलसेलग्रस्त. गावात लोक 'एएस पॅटर्न', 'एसएस पॅटर्न' असंच बोलतात, कारण तपासणीच्या कागदावर तसंच लिहिलेलं असतं.

आता आई AS आणि वडीलही AS आहेत असं धरू. केंब्रिजचे रेजिनाल्ड पनेट यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रूढ केलेली चौकट इथे अशी भरते:

| | वडिलांकडून A | वडिलांकडून S |
|---|---|---|
| आईकडून A | AA | AS |
| आईकडून S | AS | SS |

चार खाने आहेत आणि प्रत्येकाची शक्यता सारखी, एक चतुर्थांश. AS दोन खान्यांत येतं, कारण तिथे पोहोचायच्या वाटा दोन आहेत: S आईकडून आणि A वडिलांकडून, किंवा नेमकं उलट. अपत्याच्या रक्ताला त्याने फरक पडत नाही, पण मोजताना दोन्ही वाटा धराव्याच लागतात. म्हणून AA : AS : SS = १:२:१. इथवर मतभेदाला जागा नाही. दोन्ही पालक AS असतील, तर रक्त कुठेही तपासा, कसंही तपासा, शक्यतांचं हे गुणोत्तर बदलत नाही.

गोंधळ सुरू होतो तो पुढच्या ओळीत. फिनोटाइपचं गुणोत्तर किती, असं विचारलं की उत्तराआधी एक प्रतिप्रश्न यायला हवा: कोणतं लक्षण? ते कोण पाहतंय, आणि कशाने?

डॉक्टर आजार पाहतात. SS व्यक्तीत लाल पेशी ऑक्सिजन कमी झाला की विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, लवकर फुटतात. असह्य वेदना आणि रक्तक्षय होतो. AS व्यक्ती सहसा निरोगी असते, कारण तिच्या पेशींत A चं हिमोग्लोबिन S पेक्षा जास्त असतं. तेव्हा या नजरेने तीन खाने निरोगी, एक आजारी. गुणोत्तर ३:१, आणि A प्रभावी, S अप्रभावी.

आरोग्य केंद्रात पहिली चाळणी म्हणून सोल्युबिलिटी टेस्ट होते. रक्ताचा थेंब डायथायोनाइटच्या द्रावणात टाकतात आणि नळीमागे धरलेल्या रेघा दिसतात का ते बघतात. S चं हिमोग्लोबिन असेल तर द्रावण गढूळ होतं आणि रेघा झाकल्या जातात. SS मध्ये गढूळ होतं, AS मध्येही होतं. फक्त AA मध्ये स्वच्छ राहतं. गुणोत्तर पुन्हा ३:१ आलं, पण हे तीन खाने आधीचे तीन नाहीत. मघाशी वाहक निरोगी भावंडांच्या गटात होता, आता तो रुग्णाच्या गटात आला. या चाचणीपुरता S प्रभावी ठरला.

तिसरी नजर इलेक्ट्रोफोरेसिसची. विद्युत क्षेत्रात दोन्ही हिमोग्लोबिनं वेगवेगळ्या वेगाने सरकतात, कारण त्या एका अमिनो आम्लाच्या बदलाने रेणूचा विद्युतभार बदललेला असतो. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे दाखवून दिलं. वाहकाच्या रक्तात A आणि S अशा दोन्ही पट्ट्या उमटतात. कोणीच कोणाला झाकत नाही. यालाच सहप्रभाविता म्हणतात. इथे फिनोटाइपचं गुणोत्तर १:२:१ येतं, म्हणजे ते जिनोटाइपच्या गुणोत्तराशी तंतोतंत जुळतं.

| काय पाहिलं | AA | AS | SS | गुणोत्तर |
|---|---|---|---|---|
| आजार | नाही | सहसा नाही | आहे | निरोगी ३ : आजारी १ |
| सोल्युबिलिटी | स्वच्छ | गढूळ | गढूळ | गढूळ ३ : स्वच्छ १ |
| इलेक्ट्रोफोरेसिस | A पट्टी | A आणि S | S पट्टी, A नाही | १ : २ : १ |

पुस्तकात 'प्रभावी जनुक' असं लिहिलेलं असतं, तेव्हा प्रभावीपणा हा जनुकाच्या अंगचाच गुण आहे असं वाटतं. हे शिकवण्यातलं मोठं न्यून आहे असं मला ठामपणे वाटतं. प्रभावीपणा जोडीचा असतो, आणि तोही एखाद्या ठराविक लक्षणापुरता. S प्रभावी की अप्रभावी हा प्रश्न लक्षण सांगितल्याशिवाय अपुराच आहे. मलेरियाचं लक्षण घेतलं तर आणखी वेगळं चित्र दिसतं: फाल्सिपेरम मलेरियाच्या गंभीर रूपापासून AS व्यक्तींना बरंच संरक्षण मिळतं. मलेरियाच्या पट्ट्यांत S टिकून राहण्यामागे हेच कारण आहे.

मेंडेलकडे पट्ट्या दाखवणारं यंत्र नव्हतं. १८६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निबंधात गोल आणि सुरकुतलेल्या वाटाण्यांची मोजणी आहे: दुसऱ्या पिढीत ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले, म्हणजे २.९६:१. हे झालं दिसणाऱ्या लक्षणाचं गुणोत्तर. त्यामागे १:२:१ दडलंय हे नुसत्या डोळ्यांनी कळणं शक्य नव्हतं, कारण गोल दाणे सगळे सारखेच गोल. म्हणून त्याने गोल दाण्यांपासून झाडं वाढवली आणि त्यांचं स्वपरागण होऊ दिलं. ५६५ झाडांपैकी १९३ झाडांना फक्त गोल दाणे आले आणि ३७२ झाडांना दोन्ही प्रकारचे. म्हणजे गोल दिसणाऱ्यांतली साधारण एक तृतीयांश शुद्ध होती आणि दोन तृतीयांश मिश्र. तीनचे एक आणि दोन असे भाग पडले, आणि सुरकुतलेल्यांचा एक धरला की १:२:१ पूर्ण झालं. पुढे संशोधकांनी याच वाटाण्यांतले स्टार्चचे कण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा मिश्र दाण्यांतले कण दोन्ही शुद्ध प्रकारांच्या मधले निघाले. बाहेरून ३:१, आतून १:२:१.

मेंडेलची ही 'दोन तृतीयांश' घरात फार महत्त्वाची ठरते. समजा, एका मुलीचा भाऊ SS आहे, आईवडील दोघेही AS आहेत आणि ती स्वतः निरोगी आहे. ती वाहक असण्याची शक्यता किती? चौकटीकडे पाहून 'चारात दोन, म्हणजे निम्मी' असं उत्तर पटकन येतं. ते चूक आहे. ती आजारी नाही हे आपल्याला आधीच माहीत आहे, म्हणजे SS चा खाना बाद झाला. उरले तीन, त्यातले दोन AS. शक्यता २/३. तिचं लग्न AS असलेल्या मुलाशी ठरत असेल, तर त्यांचं एखादं अपत्य SS असण्याची शक्यता २/३ × १/४ = १/६. निम्मी धरली असती तर १/८ आली असती. हा फरक जिनोटाइप आणि फिनोटाइप यांची सरमिसळ केल्यामुळेच पडतो. अर्थात, तिची इलेक्ट्रोफोरेसिस केली की हिशेबाची गरजच उरत नाही. AA निघाली तर शक्यता शून्य, AS निघाली तर १/४.

गुणोत्तरांबाबत आणखी एक चूक घरोघरी ऐकू येते: 'एक मूल आजारी झालं, आता पुढची तीन चांगली होणार.' चौकट चार मुलांची यादी देत नाही, एका गर्भधारणेतल्या शक्यता देते. प्रत्येक वेळी १/४ नव्यानेच लागू होते. चार मुलांपैकी एकही SS नसण्याची शक्यता ३/४ चा चौथा घात, म्हणजे ८१/२५६, साधारण ३२ टक्के. त्यामुळे आजारी मूल नसलेलं घर पाहून पालक वाहक नाहीत असं म्हणता येत नाही.

चाचणीच्याही मर्यादा आहेत. नवजात बाळात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन जास्त आणि S कमी असतं, त्यामुळे पहिल्या सहाएक महिन्यांत सोल्युबिलिटी टेस्ट SS बाळातही स्वच्छ दिसू शकते.

सर्वात फसवी परिस्थिती मात्र चौकटीच्या कडेला चुकीचं अक्षर लिहिल्यावर उद्भवते. आई AS आहे, वडिलांची सोल्युबिलिटी टेस्ट स्वच्छ आली, म्हणून त्यांच्या बाजूला दोन्हीकडे A लिहिलं. निष्कर्ष निघाला: मुलं AA किंवा AS, कोणीच आजारी नाही. पण वडील बीटा थॅलेसेमियाचे वाहक असतील, तर त्यांच्या एका प्रतीतून बीटा साखळी कमी बनते किंवा बनतच नाही. सोल्युबिलिटी टेस्ट फक्त S शोधते, तिला हे दिसत नाही. ती प्रत T धरून चौकट पुन्हा भरली तर AA, AT, AS आणि ST असे चार वेगळे खाने येतात, जिनोटाइपचं गुणोत्तर १:१:१:१. ST मुलाकडे S आहे आणि त्याला सावरणारं A फारच कमी किंवा शून्य, म्हणून त्याला सिकलसेलसारखाच आजार होतो. T मधून साखळी अजिबातच बनत नसेल, तर इलेक्ट्रोफोरेसिसमध्येही हे मूल SS सारखंच दिसतं, A ची पट्टी नसते. अशा वेळी पालकांच्या लाल पेशींचा आकार आणि हिमोग्लोबिन ए-टूचं प्रमाण पाहावं लागतं: थॅलेसेमियाच्या वाहकात पेशी लहान असतात आणि ए-टू सहसा साडेतीन टक्क्यांच्या वर जातं. म्हणून एक जोडीदार AS निघाला की दुसऱ्याची फक्त सोल्युबिलिटी टेस्ट करून थांबू नये. त्याचं पूर्ण रक्तचित्र आणि ए-टूचं मोजमापही मागून घ्यावं.