वेश दिलेला प्राणी आणि कामाला लावलेला प्राणी

माणसाचे काम करणाऱ्या प्राण्याचे विनोदी चित्र चित्रनिर्मिती करणाऱ्या एआय साधनाकडून काढून घ्यायचे असेल, तर त्याला लिहून द्यायची सूचना म्हणजेच प्रॉम्प्ट दोन प्रकारे लिहिला जातो. वाचताना हे दोन्ही प्रकार सारखेच वाटतात आणि म्हणूनच त्यांची गल्लत होते. पहिल्या प्रकारात प्राण्याला एखाद्या व्यवसायाचा वेश दिला जातो, तर दुसऱ्यात प्राणी खरोखर त्या कामाला लावला जातो आणि त्याचा मूळ स्वभाव त्या कामात उघडा पडतो. चित्र पूर्ण पडद्यावर पाहिले तर दोन्ही गोड दिसतात, परंतु ते अंगठ्याच्या नखाएवढे झाले की पहिल्यात केवळ एक प्राणी उरतो आणि दुसऱ्यात विनोद टिकून राहतो.

शेळी आणि सरकारी कारकून ही जोडी घेऊन पाहू. कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप गटासाठी स्टिकर करताना मी पहिला प्रॉम्प्ट असा लिहिला होता:

```
कारकुनाच्या वेशातली शेळी, चष्मा, शर्ट, गळ्यात ओळखपत्र, टेबलामागे बसलेली, सरकारी कार्यालय, भरपूर फायली, विनोदी चित्र
```

चित्र सुबक आले. शेळी चष्मा लावून टेबलामागे शांतपणे बसली होती आणि मागे फायलींचे ढीग होते. तरीही त्यात हसण्यासारखे काही नव्हते, कारण चित्रात काही घडतच नव्हते. ‘विनोदी’ हा शब्द लिहिल्याने विनोद येत नाही. त्या शब्दाने फार तर मोठे डोळे आणि रुंद हसू मिळते.

असा प्रॉम्प्ट ओळखण्याची एक सोपी कसोटी आहे. प्राण्याचे नाव बदलून पाहावे. वरच्या ओळीत शेळीऐवजी कुत्रा, घुबड किंवा पाणघोडा लिहिला तरी चित्राचा अर्थ तसूभरही बदलत नाही, म्हणजे हा केवळ वेश आहे. आता ‘फाईल खाणारी कारकून शेळी’ या कल्पनेत शेळीच्या जागी घुबड घातले, तर कल्पना जागच्या जागी कोसळते, कारण दिसेल त्या पाल्याला आणि कागदाला तोंड लावणे ही शेळीची खोड आहे आणि कागद जपणे हे कारकुनाचे काम आहे. प्राणी आणि काम एकमेकांत असे अडकलेले असले, की दोहोंपैकी एकही बदलता येत नाही. ही अडकण विरोधाचीच असावी असे नाही. सोंडेने आग विझवणारा हत्ती हा जुळणीचा विनोद आहे आणि तोही या कसोटीला तितकाच उतरतो.

लहान आकाराचा प्रश्न इथेच येऊन मिळतो. व्हॉट्सअॅपचे स्टिकर 512 × 512 पिक्सेलचे असते आणि स्टिकर-संचाचे चिन्ह 96 × 96 चे. साधनाने दिलेले चित्र 1024 पिक्सेल रुंद असेल, तर ते 96 वर येताना जवळजवळ अकरा पटींनी आक्रसते. मूळ चित्रात शंभर पिक्सेल रुंद असलेले ओळखपत्र तेव्हा नऊ पिक्सेलचा ठिपका होते आणि चष्म्याची बारीक काडी तर नाहीशीच होते. वेश नेमका अशाच बारीकसारीक वस्तूंनी बनलेला असल्यामुळे तो सर्वांत आधी मरतो. म्हणून ज्या वस्तूवर विनोद उभा आहे, तिने चित्राच्या रुंदीचा किमान चौथा हिस्सा व्यापावा, असे मी धरून चालते. तेवढी वस्तू 96 पिक्सेलमध्येही चोवीस पिक्सेल उरते आणि तिचा आकार ओळखू येतो.

मात्र प्राणी कामाला लावला की विनोद आपोआप दिसेलच, असेही नाही. टपाल वाटणारा संथ चालीचा स्लॉथ ही कल्पना ऐकायला छान आहे, पण मंदपणा काळात असतो आणि चित्राजवळ काळ नसतो. मग भिंतीवरचे कॅलेंडर, पाकिटावरची जुनी तारीख असे आधार घ्यावे लागतात आणि ते सारे वाचायचे असल्यामुळे लहान आकारात निरुपयोगी ठरतात. विनोद एका आकारात मावला पाहिजे. शेळीच्या बाबतीत तो आकार म्हणजे कोपरा खाल्लेली फाईल.

या टप्प्यावर मी ‘शेळी फाईल खात आहे’ असे लिहिले आणि तोंडाजवळ अखंड फाईल धरलेली शेळी मिळाली. क्रिया सांगितली की साधन बहुधा दोन वस्तू जवळजवळ ठेवून मोकळे होते, त्यामुळे क्रियेऐवजी ती झाल्यानंतर डोळ्यांना काय दिसेल, ते सांगावे. पुढचा प्रॉम्प्ट असा झाला:

```
जाड बाह्यरेषा आणि सपाट रंगांचे व्यंगचित्र. एकच पांढरी शेळी, छातीपर्यंत, बाजूने दिसणारी. तिच्यासमोर टेबलावर उभी मोठी लाल कोरी फाईल, चित्राच्या एक तृतीयांश रुंदीची. फाईलच्या वरच्या कोपऱ्यातून मोठा अर्धगोल घास तोडलेला आहे आणि तोच लाल तुकडा शेळीच्या तोंडातून लोंबतो आहे. पुढच्या पायाच्या काळ्या दुभंगलेल्या खुरात लाकडी मुठीचा मोठा रबरी शिक्का. शेळीचा चेहरा गंभीर. मागे एकच फिकट निळा रंग.
```

यातला प्रत्येक निर्णय लहान आकारासाठी आहे. कारकुनाची खूण म्हणून एकच शिक्का ठेवला, कारण त्याची मूठ आणि रुंद तळ सावलीतही कळतात. शेळी बाजूने घेतली, कारण शिंगे, दाढी आणि लांबट तोंड समोरून एकात एक मिसळतात. चेहरा गंभीर ठेवला, कारण ती आपले काम मन लावून करते आहे, या समजुतीतच गंमत आहे. खुराचे वर्णन मुद्दाम सविस्तर केले, अन्यथा शिक्का धरायला माणसाची बोटे उगवतात. ‘अक्षरे नकोत’ असे लिहिण्याऐवजी फाईल कोरी म्हटली, कारण नको असलेल्या वस्तूचे नाव घेतले की पुष्कळदा तीच चित्रात येते, आणि देवनागरी जोडाक्षरे तर हमखास मोडकीतोडकी येतात.

फाईलऐवजी मला आधी जुन्या दप्तरातला रुमाल हवा होता, कारण कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्याला आपल्याकडे रुमालच म्हणतात. साधनाने मात्र शेळीच्या तोंडात खिशातला हातरुमाल दिला. ज्याला तसा गठ्ठाच हवा असेल, त्याने ‘लाल कापडात बांधलेला कागदांचा जाड गठ्ठा’ असे फोडून लिहावे. तरीही घासाचा अर्धगोल ताठ पुठ्ठ्यावर जितका स्वच्छ उमटतो तितका कापडावर उमटत नाही, म्हणून मी फाईलवरच थांबले.

चित्र हाती आल्यावर ते 96 पिक्सेलवर आणून आधी करड्या छटांत पाहावे. माझ्या चित्रात लाल फाईल आणि निळी पार्श्वभूमी रंगांत उठून दिसत होती, पण निळा अपेक्षेपेक्षा गडद आल्यामुळे करड्यात दोन्ही एकच झाली आणि घासाची कड बुजली. निळा आणखी फिकट केल्यावर ती परत आली. त्यानंतर ज्याला कल्पना ठाऊक नाही अशा माणसाला ते दोन सेकंद दाखवावे आणि ‘काय चालले आहे?’ एवढेच विचारावे. ‘शेळी आहे’ असे उत्तर आले तर तो अजून वेशच आहे. माझ्या मावशीने फोन हातात घेतला आणि विचारले, ‘अगं, कुणाची फाईल खाल्ली हिने?’ त्यानंतर मी प्रॉम्प्टला हात लावला नाही.