वहीतला शेअर आणि कातड्यावरचा रोखा

1602 च्या ऑगस्टमध्ये अॅमस्टरडॅममध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीचे शेअर विकले जात होते. नावनोंदणी डिर्क व्हान ओस या संचालकाच्या घरी चाले. मुदतीच्या अखेरीस त्याच्याच मोलकरणीने, नेल्टगेन कॉर्नेलिसने, 100 गिल्डर लावले. हातात शेअरचं प्रमाणपत्र आलं नाही. मालकी म्हणजे कंपनीच्या खातेवहीत आपल्या नावापुढची रक्कम, थोडक्यात आजच्या डीमॅटसारखंच.

दहा वर्षांनी हिशेब होईल आणि हवं त्याला पैसे काढून घेता येतील, असं सनदेत लिहिलं होतं. 1612 उजाडलं तेव्हा कंपनीला सरकारकडून त्यातून सूट मिळाली. जहाजं, वखारी, किल्ले यांत गुंतलेला पैसा मोडून वाटायचा कसा? ज्याला बाहेर पडायचं, त्याने शेअर दुसऱ्याला विकावा, हाच मार्ग राहिला. इथे शेअरचा खरा अर्थ पक्का झाला: भांडवल परत मागायचं नाही, नफा झाला आणि संचालकांनी वाटायचं ठरवलं तर वाटा घ्यायचा. पहिला लाभांश 1610 मध्ये आला, तोही मुख्यतः जायपत्रीच्या रूपात! रोख पैशाची वाट पाहणारे अर्थातच कुरकुरले. कारभारात सामान्य भागधारकाला काडीची किंमत नव्हती. मालक म्हणवणाऱ्याची ही अवस्था. पण 1720 च्या तेजीत भाव मूळ रकमेच्या दहापटीपलीकडे गेला, तो फायदा मात्र भागधारकांचाच.

कर्जरोख्याचं गणित निराळं. 15 मे 1648 रोजी लेक नदीचे बांध सांभाळणाऱ्या डच संस्थेने नदीच्या वळणावरच्या बांधकामासाठी 1000 गिल्डरचा रोखा काढला. कातड्यावर लिहिलेला, व्याज 5 टक्के, परतफेडीची तारीख नाही. बांध किती भक्कम झाला, किती शेतं वाचली, याच्याशी रोखेधारकाचा संबंध नाही. तो सावकार आहे: संस्थेच्या कामात त्याला मत नाही, भरभराटीत वाटा नाही, पण व्याज हे देणंच आहे, संचालकांची मर्जी नव्हे.

1799 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच संपली. तिची मालमत्ता आणि कर्जं सरकारच्या गळ्यात पडली. ज्या धंद्याचा हिस्सा म्हणून शेअर होता, तो धंदाच उरला नाही. नदीचा रोखा मात्र जिवंत आहे, कारण त्या संस्थेची वारसदार जलसंस्था आजही काम करते. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाने तो 2003 मध्ये विकत घेतला आणि 2015 मध्ये साठलेलं 12 वर्षांचं व्याज वसूल केलं: 136.20 युरो.

एवढं कमी का? दर दरम्यान अडीच टक्क्यांवर आला होता. 1000 गिल्डर म्हणजे सुमारे 454 युरो, त्याचे अडीच टक्के म्हणजे वर्षाला 11 युरोंहून थोडे जास्त. रोख्यातला आकडा गिल्डरमध्ये बांधलेला. महागाई कितीही चढली तरी तो हलत नाही.