चार चौकटींचा फोटो आणि स्वॉटचा इतिहास

छोट्या व्यवसायाच्या आराखड्याची बैठक संपली की कुणीतरी फळ्याचा फोटो काढतो आणि पुढे तोच फोटो फिरत राहतो. वर बलस्थाने आणि कमकुवत बाजू, खाली संधी आणि धोके, म्हणजेच स्वॉट. चर्चेला हजर नसलेल्या माणसाला त्यातून नेमकं काय कळतं, हे या मांडणीच्या इतिहासाशी जोडलेलं आहे.

स्वॉटचं श्रेय बऱ्याच ठिकाणी व्यवस्थापन सल्लागार अल्बर्ट हम्फ्री यांना दिलं जातं. पण 1960च्या दशकात अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये रॉबर्ट स्टुअर्ट यांच्या गटाने ‘सॉफ्ट’ नावाची पद्धत बसवली होती. त्यात समाधानकारक बाबी, संधी, दोष आणि धोके अशी विभागणी होती. ‘स्वॉट’ त्यातूनच पुढे आलं. मूळ पद्धत दीर्घकालीन नियोजनाचा एक टप्पा होती. फळ्यावरची चौकट हे तिचं फार आटोपशीर रूप आहे.

या आटोपशीरपणाची किंमत 1997 मध्ये टेरी हिल आणि रॉय वेस्टब्रुक या संशोधकांनी दाखवली. ब्रिटनमधल्या कंपन्यांनी केलेली स्वॉट विश्लेषणं त्यांनी तपासली. याद्या लांबलचक, शब्द मोघम, कोणता मुद्दा आधी याचा पत्ता नाही, आणि पुढच्या निर्णयांत त्यांचा वापरही नाही.

छपाईच्या एका छोट्या व्यवसायाचा फोटो कल्पून बघा. बलस्थानांत ‘जुने ग्राहक’, कमकुवत बाजूंत ‘एकच यंत्र’, संधींत ‘दुसरं यंत्र घेणे’, धोक्यांत ‘कागद महागतोय’. यातली तिसरी नोंद चुकीच्या घरात पडली आहे. खालच्या दोन चौकटी बाहेरच्या परिस्थितीच्या असतात; हा व्यवसाय नसता तरी ती गोष्ट खरी असती का, एवढंच विचारायचं. कागद महागलाच असता. यंत्र घेणं मात्र मालकाचा निर्णय आहे. खरी संधी त्यामागे दडलेली असणार, उदाहरणार्थ जवळच्या शाळांची वाढलेली छपाईची मागणी, आणि ती फळ्यावर आलेलीच नाही. ‘जुने ग्राहक’ हेही अर्धवटच आहे. निम्मं काम एकाच ग्राहकाकडून येत असेल तर ती नोंद कमकुवत बाजूंत जायला हवी.

फोटोत चौकटींना जोडणारे बाण दिसले तर ते नीट बघावेत, माझ्या मते ते नोंदींपेक्षाही मोलाचे. 1982 मध्ये व्यवस्थापनाचे प्राध्यापक हाइन्झ वाइरिख यांनी ‘टोज’ मांडणी सुचवली. तिच्यात आतल्या आणि बाहेरच्या बाबी कडेला लिहितात आणि त्यांच्या जोड्यांमधून मधल्या चार घरांत कृती भरतात. त्यामुळे चारही घरांत ‘वाढवणे’, ‘घेणे’, ‘थांबवणे’ अशीच क्रियापदं दिसत असतील, तर फोटो टोजचा असू शकतो आणि कडेच्या याद्या कापल्या गेल्या असाव्यात. तसं असेल तर पूर्ण फळ्याचा फोटो मागवावा, कारण कोणत्या बाबींवरून त्या कृती निघाल्या हे त्या याद्यांतच असतं.