सूचक सार आणि आशयसार: नुसते ‘सारांश पाठवा’ म्हटले असता काय लिहावे?

नव्वद पानांची पीडीएफ येते आणि सोबत एकच ओळ असते, ‘याचा सारांश पाठवा’. किती लांबीचा, कोणासाठी, कशासाठी, याचा पत्ता नसतो. अशा वेळी बहुतेक जण नकळत सूचक सार लिहितात आणि त्यालाच आशयसार समजतात. दस्तऐवजात कशाकशाची चर्चा आहे एवढेच सूचक सार सांगते. दस्तऐवजाचे म्हणणे काय आहे, ते आशयसार सांगते.

समजा, ती पीडीएफ जुन्या जलवाहिन्यांच्या दुरुस्तीवरील अहवाल आहे. ‘अहवालात तीन पर्यायांची तुलना केली असून खर्च, कालावधी आणि अडचणी यांचा आढावा घेतला आहे’ हे झाले सूचक सार. त्याच अहवालाचे आशयसार असे होईल: ‘वाहिनीला आतून अस्तर लावण्याचा पर्याय सुचवला आहे, कारण त्यासाठी रस्ता सलग खणावा लागत नाही, मात्र जिथे नळाची भिंत फार गंजलेली आहे तिथे हा पर्याय चालणार नाही, आणि कॅमेऱ्याने तपासणी काही भागांचीच झाली आहे.’ पहिले वाक्य अनुक्रमणिका पाहूनही लिहिता आले असते. हीच ओळखण्याची कसोटी. ‘चर्चा केली आहे’, ‘प्रकाश टाकला आहे’ अशी क्रियापदे वारंवार येऊ लागली की आशय निसटला असे खुशाल समजावे.

काही सांगितलेले नसेल तर माझ्या मते आशयसारच लिहावे, कारण त्यावरून विषयही कळतो; उलट सूचक सारातून निष्कर्ष काढता येत नाही. अपवाद आहे तो सभावृत्तांचा संच किंवा नियमपुस्तिका यांसारख्या, एकच एक निष्कर्ष नसलेल्या दस्तऐवजांचा. तिथे कोणत्या पानावर काय आहे हे सांगणेच उपयोगी पडते. लांबीसाठी ‘आयएसओ २१४’ या १९७६ च्या मानकाचा आधार घेता येतो: त्यात दीर्घ अहवालांसाठी ५०० पेक्षा कमी शब्द, शक्यतो एकाच पानात, अशी शिफारस आहे.

अहवालात आधीच कार्यकारी सारांश असेल तर तोच आटोपशीर करून पाठवण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण वरच्या उदाहरणातील अपुऱ्या तपासणीसारखी बाब अनेकदा परिशिष्टातच राहून जाते, आणि मागणाऱ्याने तो कार्यकारी सारांश वाचलेलाही असू शकतो.

गृहीत धरलेले मात्र पहिल्याच ओळीत लिहावे: ‘अहवाल न वाचलेल्या, पण त्यावर निर्णय घेणाऱ्या व्यक्तीसाठी, एका पानात.’ गृहीतक चुकले असेल तर समोरचा लगेच कळवतो. प्रत्येक निष्कर्षापुढे पान क्रमांक द्यावा आणि तो छापील की पडद्यावरचा हेही सांगावे, कारण मुखपृष्ठ आणि प्रस्तावनेची पाने वेगळी मोजलेली असतात, त्यामुळे छापील १२ वे पान पीडीएफमध्ये १८ वे निघू शकते.