डीमॅट स्टेटमेंटच्या फोटोवरून होल्डिंगची यादी कशी करायची: नॉमिनी नसलेल्या खात्याच्या ट्रान्समिशन अर्जासाठी

घरातला माणूस गेला, त्याचं डीमॅट खातं एकट्याच्या नावावर होतं आणि नॉमिनी टाकलेला नव्हता, अशी केस आपल्या इंदूरात खूप घरांत निघते, आणि मग हातात असतो फक्त कागदी स्टेटमेंटचा कुणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो. त्यावरून शेअर किती, भाव काय, किंमत किती हे ओळीओळीने उतरवायचं असतं. काम कारकुनी वाटतं, पण कोर्टात जावं लागणार की नोटरीच्या कागदांवर भागणार हे त्या यादीच्या बेरजेवरच ठरतं, म्हणून जरा नीट लिहितोय.

आधी ट्रान्समिशनचा, म्हणजे गेलेल्या माणसाचे शेअर हक्कदाराच्या नावावर करून घ्यायचा, अर्ज कोण करू शकतं ते. खात्यात दुसरा होल्डर असेल तर शेअर त्याच्याकडे जातात, नॉमिनी असेल तर नॉमिनी अर्ज करतो, या दोन्हींत किंमतीचा प्रश्न येत नाही. दोन्ही नसेल तेव्हा कायदेशीर वारस अर्ज करतात. सेबीने २०२२ मध्ये सोपी पद्धत ठरवली तेव्हा डीमॅटसाठी मर्यादा ठेवली एका खातेदारामागे १५ लाख रुपये. तेवढ्यात बसलं तर कोर्टाचं वारस प्रमाणपत्र लागत नाही, वर गेलं तर ते किंवा तसा दुसरा कोर्टाचा कागद द्यावा लागतो. अर्ज देताना चालू मर्यादा डीपीला, म्हणजे खातं ज्या ब्रोकरकडे किंवा बँकेत आहे तिथे, विचारूनच घ्या. आणि भाव गेलेल्या तारखेचा नाही, अर्जाच्या सुमाराचा बघतात, त्यामुळे यादी आज केली आणि अर्ज तीन महिन्यांनी दिला तर भाव परत भरावे लागतात.

आता फोटो. पान टेबलावर सपाट ठेवा, दिवसाच्या उजेडात बरोबर वरून काढा, एका फोटोत एकच पान, आणि व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून नाही तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर तो दाबून लहान होतो आणि ३ चा ८ दिसायला लागतो. फोनमधून मजकूर उचलून एक्सेलमध्ये चिकटवला तर कॉलम एकमेकांत घुसतात, म्हणून चार-सहा ओळीच असतील तर हाताने टाइप केलेलं बरं.

एक उदाहरण घेऊ, नावं आणि आकडे समजण्यापुरते. लोकमान्य नगरातल्या एका काकूंकडे त्यांच्या मिस्टरांचं एकत्रित स्टेटमेंट आहे, ज्याला कॅस म्हणतात. पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात एकूण २१,७२,७३१.०७ लिहिलंय. ते बघून घरचे घाबरले की आता कोर्टच. पण एकत्रित स्टेटमेंटमध्ये डीमॅटच्या शेअरबरोबर म्युच्युअल फंडाचे फोलिओ पण येतात, म्हणजे फंड कंपनीकडे थेट घेतलेले, जे डीमॅट खात्यात नसतातच. त्यांचा क्लेम वेगळा, फंड कंपनीकडे किंवा तिच्या रजिस्ट्रारकडे द्यायचा. डीमॅटच्या अर्जात फक्त त्या डीमॅट खात्याच्या मथळ्याखालच्या ओळी घ्यायच्या. त्या अशा निघाल्या:

| होल्डिंग | संख्या | भाव | किंमत |
|---|---|---|---|
| बँकेचा शेअर | २४० | १,६५२.४० | ३,९६,५७६.०० |
| रंग कंपनीचा शेअर | १,१५० | ३१८.७५ | ३,६६,५६२.५० |
| डीमॅटमधला म्युच्युअल फंड | ४,३१८.७६२ | ७१.२३०० | ३,०७,६२५.४२ |
| औषध कंपनीचा शेअर | ८५ | ३,४०६.२० | २,८९,५२७.०० |

बेरीज १३,६०,२९०.९२, म्हणजे १५ लाखांच्या आत. उरलेले ८,१२,४४०.१५ फोलिओतले. दोन्ही मिळून पहिल्या पानावरचा आकडा बरोब्बर जमतो, आणि तो जमायलाच पाहिजे, नाही जमला तर एखादी ओळ सुटलीय किंवा एखादं पान फोटोत आलंच नाही.

प्रत्येक ओळ तपासायची ती गुणाकाराने. संख्या गुणिले भाव म्हणजे किंमत, तिन्ही आकडे स्टेटमेंटवरच असतात, त्यामुळे एक चुकला तर बाकीचे दोन लगेच सांगतात. वरच्या यादीत औषध कंपनीच्या ओळीवर कागदाची घडी होती आणि ८५ चा ३५ वाचला गेला. ३५ ने गुणलं तर १,१९,२१७ येतात, स्टेटमेंटवर तर २,८९,५२७ आहेत. मग किंमतीला भावाने भागा, ८५ येतात, झालं. फंडाच्या ओळीत पण असंच, युनिट तीन दशांशांपर्यंत असतात आणि फोटोत टिंब गायब झालं की ४३ लाख युनिट होऊन बसतात. एक्सेलमध्ये संख्या C मध्ये, भाव D मध्ये, स्टेटमेंटवरची किंमत E मध्ये ठेवून पुढच्या कॉलमात हे टाका:

```
=ROUND(C2*D2,2)-E2
```

उत्तर शून्य किंवा काही पैसे आलं तर ओळ बरोबर. शेकड्यांत किंवा हजारांत फरक आला तर परत फोटो झूम करा.

दोन कॉलम फार फसवतात. एक दर्शनी मूल्याचा, त्यात १०, २, १ असे छोटे आकडे असतात आणि तो भावाच्या शेजारीच छापलेला असतो, तो भाव नाही. दुसरं म्हणजे शिल्लक. एकूण शिल्लक, मोकळी, तारण, लॉक-इन असे तीन-चार कॉलम असतील तर यादीत एकूण शिल्लकच घ्यायची, बाकीचे तिचेच भाग आहेत, त्यांची परत बेरीज करायची नाही. तारण ठेवलेले शेअर असतील तर मात्र शेजारी तशी नोंद करून ठेवा, कारण ते आधी सोडवावे लागतात.

नावाबरोबर आयएसआयएन, म्हणजे त्या शेअरचा किंवा फंडाचा ओळख क्रमांक, पण उतरवा, फॉर्ममध्ये तो लागतो. बारा अक्षरांचा असतो, कंपन्यांचा बहुधा INE ने सुरू होतो आणि फंडांचा INF ने. मोजून बारा आहेत ना बघा आणि शेअर बाजाराच्या साइटवर टाकून नाव जुळतंय का तेही बघा, कारण एकाच फंडाच्या डायरेक्ट आणि रेग्युलर प्लॅनची नावं सारखीच वाटतात पण आयएसआयएन वेगळे असतात. अशा दोन ओळी एकत्र करायच्या नाहीत.

यादी झाली की वर खाते क्रमांक आणि स्टेटमेंटची तारीख लिहा. डीमॅट खाती सांभाळणाऱ्या संस्था दोन, म्हणून खाते क्रमांकाच्या पद्धतीही दोन, सीडीएसएलचा सोळा आकडी, एनएसडीएलचा IN ने सुरू होणारा. सोबत लागतं ते असं: डीपीचा ट्रान्समिशन फॉर्म, मृत्यू दाखल्याची साक्षांकित प्रत, अर्जदाराचं पॅन, त्याच्या स्वतःच्या डीमॅटचा क्लायंट मास्टर रिपोर्ट (खातं नसेल तर आधी उघडावं लागतं, शेअर रोख मिळत नाहीत, खात्यातच येतात), वारसांचं नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र, इंडेम्निटी बाँड म्हणजे पुढे दुसऱ्या कुणी हक्क सांगितला तर भरपाईची हमी, आणि हक्क सोडणाऱ्या बाकी वारसांची एनओसी किंवा कौटुंबिक वाटणीच्या कागदाची प्रत. काकूंच्या केसमध्ये मुलगी वडोदऱ्याला असते, तिची एनओसी तिकडेच नोटरी करून कुरिअरने मागवता येते, त्यासाठी तिने इंदूरला यायची गरज नाही.

बाँड टाइप करायला देण्याआधी यादी एकदा डीपीला दाखवून त्यांच्या सिस्टीममधल्या शिल्लकेशी जुळवून घ्या. मधल्या काळात बोनस किंवा स्प्लिट झाला असेल तर संख्या बदललेली असते, जुन्या फोटोत ते दिसत नाही, आणि स्टॅम्प पेपरवर जुनी संख्या गेली की बाँड परत करावा लागतो.