उशाकडून उंच पलंग की डावी कूस? रात्री घशाशी येतं तेव्हा

मुंबईत कामावरून घरी पोचायलाच नऊ-साडेनऊ होतात. दहाला जेवण, अकराला पाठ टेकायची आणि एकच्या सुमारास आंबट पाणी घशाशी. अशा वेळी कुणी सांगतं पलंग उंच कर, कुणी सांगतं डाव्या कुशीवर झोप. दोन्ही सल्ले बरोबर आहेत, पण त्यांचं काम वेगळं आहे.

जठराचा मोठा भाग पोटात डावीकडे असतो आणि अन्ननलिका त्याला वरून उजव्या अंगाने मिळते. डाव्या कुशीवर झोपलं की आम्ल खालच्या फुगीर भागात साचतं आणि हा सांधा त्याच्या वर राहतो. उजव्या कुशीवर उलट होतं. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात आम्ल किती वेळा वर आलं हे कुशीनुसार फारसं बदललं नाही, मात्र डाव्या कुशीवर ते लवकर खाली उतरलं. झोपेत लाळ आणि गिळणं दोन्ही कमी होतं, म्हणून हे लवकर उतरणं फार मोलाचं.

पलंगाचा उतार अख्ख्या अन्ननलिकेला मिळतो. आम्ल वर चढलंच तर स्वतःच्या वजनाने परत जातं, मग कूस कोणतीही असो. झोपेत आपण कुशी बदलतोच, त्यामुळे मला उतार जास्त भरवशाचा वाटतो.

समजा, परळच्या एका काकूंनी आधी डावी कूस धरली. तरी जाग आली की घसा जळतोय आणि आपण उजवीकडे वळलेल्या, असं त्यांना दिसलं. मग पाठीमागे लोड लावला, त्याने वळणं कमी झालं. डावा खांदा दुखू लागल्यावर मात्र उतार करायचं ठरलं. उशाकडच्या दोन्ही पायांखाली सहा इंचांचे लाकडी ठोकळे हवेत, पाय घसरू नये म्हणून वर खोबण केलेले. सहा ते आठ इंच पुरतात. सकाळी आपण पायथ्याकडे सरकलेले असलो, तर उंची जास्त झाली.

पण घरोघरी असतो तो सामान ठेवायचा पेटीचा पलंग. त्याला खालून ठोकळे लावता येत नाहीत. तिथे कंबरेपासून डोक्यापर्यंत चढत जाणारी फोमची उतरती गादी घ्यावी. दोन-तीन उशा रचणं हा त्याला पर्याय नाही. त्याने मान वाकते, शरीर कंबरेत दुमडतं आणि पोटावर दाब येऊन आम्ल उलट वर ढकललं जातं.

पलंग हलवता येत नसेल तर आजच डाव्या कुशीने सुरुवात करा. जमलं तर दोन्ही एकत्र करा. जेवण आणि झोप यांत मात्र तीन तास हवेत. दहाला जेवून अकराला आडवं झालं, तर भरलेल्या पोटापुढे दोन्ही उपाय तोकडे पडतात. स्टेशनवरून निघण्याआधीच पोटभर खाऊन घरी फक्त हलकं काही घेणं, हे काकूंना जमलं.

गिळताना अडकत असेल, वजन घटत असेल, उलटीत रक्त पडत असेल किंवा शौचाला काळं होत असेल, तर ठोकळे करत बसू नका, डॉक्टरांकडे जा. छातीत दाटून घाम सुटला किंवा दुखणं हातात, जबड्यात गेलं, तर त्याला अॅसिडिटी समजून पडून राहू नका, लगेच हॉस्पिटल गाठा.