मोड आले, प्रथिनं गेली कुठे?

श्रावणातल्या सोमवारी फोंड्याला आमच्या घरी मोड आलेल्या मुगांच्या मुगागाठी असतातच. यंदा मधुमेह असलेल्या काकांनी विचारलं, "मोड आलेल्या शंभर ग्रॅम मुगात कर्बोदकं फक्त सहा ग्रॅम, हे खरं का गो?" तो आकडा अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यातला होता. त्याच ओळीत प्रथिनं होती तीन ग्रॅम. कोरड्या मुगाच्या ओळीत मात्र प्रथिनं जवळजवळ २४ आणि कर्बोदकं ६२.

मी वजनकाटा काढला. १०० ग्रॅम मूग रात्री भिजवले, सकाळी निथळून फडक्यात बांधले. दुसऱ्या दिवशी अर्ध्या बोटाएवढे मोड आले, तेव्हा वजन भरलं २२० ग्रॅम. वाढलं ते सगळं पाणी. प्रथिनं जवळपास तेवढीच, २४ ग्रॅम, पण आता ती २२० ग्रॅममध्ये पसरलेली. म्हणजे शंभर ग्रॅमला साधारण ११. तक्ता सांगतो तीन!

तक्ता खोटा नाही. त्यातले मोड म्हणजे चिनी जेवणात असतात ते चार-पाच दिवस वाढवलेले लांब पांढरे कोंब, नव्वद टक्के पाण्याचे. आपल्या फडक्यातले मूग ते नव्हेत. काकांच्या वाटीत शंभर ग्रॅमला कर्बोदकं पंचवीसच्या आसपास निघतात. त्यातली सहा-सात ग्रॅम तंतूंची धरली, तरी हिशोब तिपटीने चुकत होता.

मग "मोड आणल्याने प्रथिनं वाढतात" हे कुठून आलं? कोंब फुटताना दाणा श्वास घेतो आणि त्यासाठी साठवलेली साखर, पिष्ट जाळतो. मुगातलं पाणी सोडून उरलेला ऐवज नव्वद ग्रॅम होता, तो समजा ८६ वर आला. २४ ग्रॅम प्रथिनांचा वाटा २६.७ टक्क्यांवरून २७.९ वर गेला. प्रथिनं तेवढीच राहिली, भाजक घटला. शिवाय प्रयोगशाळेत सहसा नायट्रोजन मोजून त्याला ६.२५ने गुणतात. कोंबात प्रथिनं मोडून सुटी अमिनो आम्लं झाली, तरी तीही प्रथिनं म्हणूनच मोजली जातात.

खरा बदल कर्बोदकांच्या आत होतो. पोटात वायू करणाऱ्या रॅफिनोज, स्टॅकिओज या शर्करा दाणा आधी वापरतो, म्हणून मोडाचे मूग पोटाला हलके. तक्त्यातल्या "एकूण कर्बोदकं" या रकान्यात ते दिसत नाही.

काकांना मी सांगितलं, मोडाची ओळ सोडा. कोरडे मूग तोला, मोड आल्यावर पुन्हा तोला, आणि कोरड्या मुगाच्या आकड्याला वजन जितक्या पट झालं त्याने भागा. प्रथिनांचा हिशोब जमतो. कर्बोदकं किंचित जास्त दिसतात, आणि साखर सांभाळणाऱ्याला ती चूक चालण्यासारखी आहे.

मुगागाठींसाठी मात्र आम्ही मोड चोळून सालं काढतो. पाण्यावर तरंगणारी ती हिरवी सालं म्हणजे बरेचसे तंतू. ते वजा करणारी ओळ मला कुठल्याच तक्त्यात सापडली नाही, म्हणून सालं वाळवून तोलायला ठेवली आहेत.